गौरीच्या फोटोतलं पसरलेलं कुंकू: फराटा काढायचा, कपाळ तसंच ठेवायचं

भाद्रपदात आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात पाऊस उघडलेला नसतो. घरात ओल, देव्हाऱ्यापुढे समया, वर माणसांची गर्दी. गौरीच्या हळदी-कुंकवाला आलेली प्रत्येक बाई घरच्या बाईला कुंकू लावते, आणि दुपारपर्यंत त्या कपाळावर एकावर एक चार-पाच बोटं टेकलेली असतात. नेमका तेव्हा कुणीतरी फोटो काढतं. पैठणी नीट, नथ नीट, चेहऱ्यावर हसू, आणि कुंकवाचा फराटा मात्र भांगाकडे गेलेला. असे फोटो दुरुस्तीला आमच्याकडे सणानंतर हमखास येतात. फोटो दुरुस्त करायला नुकतेच शिकू लागलेल्यांसाठी हे लिहितोय. एकच फोटो घेऊ आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जाऊ.

फोटो असा: खानापूर तालुक्यातलं घर, पन्नाशीच्या काकू, अर्धा देह दिसेल असा उभा फोटो. फोनने काढलेला, ३००० बाय ४००० पिक्सेलचा. डावीकडून खिडकीचा उजेड. कुंकू अंदाजे ६० पिक्सेल रुंद, त्याच्यापासून वर आणि किंचित उजवीकडे साधारण ११० पिक्सेलचा फराटा. कुंकवाच्या खाली नाकाच्या मुळाशी दोन-तीन कण सांडलेले. मुलीने फोटो पाठवताना एवढंच सांगितलं होतं, "आईचं कुंकू तेवढं नीट करून द्या की. पण आत्ताच लावल्यासारखं नको दिसायला."

तिने सांगितलेलं शेवटचं वाक्य हेच या कामातलं अवघड काम आहे.

आधी मूळ फोटो मागवा, आणि विचारून घ्या

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा आलेला फोटो या कामाला चालत नाही. त्यात फोटो लहान होतो आणि दाबला जातो, कपाळावरची बारीक छिद्रं पुसली जातात. फोन ज्यांचा आहे त्यांना तोच फोटो Document म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते.

दुसरं, काय काढायचं ते विचारा. नाकावर सांडलेलं कुंकू शुभ मानणाऱ्या बायका आपल्याकडे भरपूर आहेत. ते न विचारता काढून टाकलं तर फोटो "स्वच्छ" होईल, पण घरच्यांना तो आवडणार नाही. या फोटोत मुलीने आईला विचारलं आणि नाकावरचे कण तसेच ठेवायला सांगितले. सवाष्णीच्या कपाळाचं काम आहे. दोन मिनिटं विचारण्यात घालवली तरी चालतील.

फराटा म्हणजे नेमकं काय, ते आधी बघा

नवीन माणूस काय करतो? Heal नाहीतर Clone उचलतो, शेजारची कातडी घेऊन फराट्यावर चिकटवतो. लांबून बरं दिसतं. जवळून बघितलं की कपाळावर एक ठिगळ दिसतं: आठ्यांची रेघ मध्येच तुटलेली, छिद्रं दुसऱ्याच मापाची, उजेड चुकलेला. घरच्या माणसांना कारण सांगता येत नाही, पण "काहीतरी वेगळं वाटतंय" एवढं ते लगेच म्हणतात.

याचं कारण असं, की फराट्याखालची कातडी कुठे गेलेली नसते. बोटाने ओढलेलं कुंकू घामात विरघळून कातडीवर पातळ थरात बसतं. छिद्रं, बारीक लव, आठी, सगळं त्याच्यातून दिसत असतं. फक्त रंग चढलेला असतो. मग रंगच उतरवायचा. कातडी बदलायचं काम नाही.

हे डोळ्याने पटवून घ्या. मी इथे GIMP धरून लिहितोय, कारण ते फुकट मिळतं आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. फोटो उघडा, Layer > Duplicate Layer करून एक प्रत घ्या, त्या प्रतीवर Colors > Components > Extract Component उघडा आणि यादीतून RGB Red निवडा. फोटो काळा-पांढरा होईल, आणि कपाळाकडे बघाल तर फराटा जवळजवळ नाहीसा झालेला असेल. कुंकूसुद्धा फिकट पडलेलं दिसेल. आता तिथेच RGB Green निवडून बघा. फराटा ठळक, गडद.

घडतं ते असं. फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी बनलेला असतो, प्रत्येक आकडा ० ते २५५. आपल्या कातडीत लाल आकडा मोठा असतो आणि कुंकवातही मोठाच असतो. कुंकू चढलं की हिरवा आणि निळा पडतो, लाल फारसा हलत नाही. म्हणून लाल भागात फराट्याखालची कातडी जशीच्या तशी शाबूत दिसते. कुठे किती काम आहे ते इथेच कळतं: लाल भागात जिथे छिद्रं दिसतात तिथे नुसता रंग चढलाय, जिथे लाल भागातही गडद गोळा किंवा कण दिसतो तिथे कुंकवाची पूड साचून खालची कातडी खरोखर झाकली गेली आहे. काकूंच्या फोटोत फराट्याचा बहुतेक भाग पहिल्या प्रकारचा निघाला, आणि कुंकवाला लागून वरच्या बाजूला दोन छोटे गोळे दुसऱ्या प्रकारचे.

बघून झालं की ती काळी-पांढरी प्रत काढून टाका.

रंग उतरवणं: हिरवा आणि निळा वर उचलायचा

आता मोजमाप. Color Picker घ्या, त्याच्या पर्यायांत Sample average चालू करा आणि Radius ३-४ ठेवा, म्हणजे एकाच ठिपक्याचा भलताच आकडा येणार नाही. आधी फराट्याच्या मध्यावरचा रंग बघा. मग त्याच उंचीवर, शेजारीच, स्वच्छ कातडीचा रंग बघा. "त्याच उंचीवर, शेजारीच" याला फार महत्त्व आहे. खिडकीचा उजेड डावीकडून येतोय, म्हणजे कपाळाची डावी बाजू उजळ आणि उजवी सावळी. डाव्या टोकाची कातडी मापाला घेतली तर उजवीकडचा फराटा काढल्यावर तिथे पांढुरका डाग उरेल.

काकूंच्या फोटोत आकडे असे आले. स्वच्छ कातडी: लाल १९०, हिरवा १३८, निळा १०८. फराट्याचा मध्य: लाल १८२, हिरवा ९८, निळा ८२. म्हणजे लाल फक्त ८ ने कमी, हिरवा ४० ने आणि निळा २६ ने. आपल्याला एवढाच फरक भरून काढायचाय.

Background लेयरची पुन्हा एक प्रत घ्या. त्या प्रतीवर Colors > Curves उघडा. Channel मध्ये Green निवडा, तिरप्या रेषेवर एक बिंदू टाका आणि त्याचा Input ९८, Output १३८ करा. मग Blue: Input ८२, Output १०८. मग Red: १८२ वरून १९०. OK म्हटल्यावर अख्खा फोटो पिवळट-हिरवट होईल. घाबरू नका, फक्त फराट्याकडे बघा. तो कातडीच्या रंगाचा झालेला असेल, आणि छिद्रं जागच्या जागी असतील.

आता हा बदल फक्त फराट्यापुरता ठेवायचा. Layer > Mask > Add Layer Mask मध्ये जा आणि Black (full transparency) निवडा. काळ्या मास्कने वरची प्रत झाकली जाते, म्हणून फोटो पुन्हा मूळ दिसेल; पांढरा ब्रश फिरेल तेवढीच ती उघडेल. Paintbrush घ्या, मऊ कडेचा (Hardness 025), आकार २० पिक्सेलच्या आसपास, रंग पांढरा, Opacity १५. मास्कवर क्लिक केलंय याची खात्री करा, आणि फराट्यावरून हळूहळू ब्रश फिरवा. प्रत्येक फेरीत रंग थोडा उतरेल.

Opacity १५ कशाला, सरळ १०० का नको? कारण फराटा सगळीकडे सारखा नसतो. बोट जिथून निघालं तिथे दाट, टोकाला विरळ. काकूंच्या फराट्याच्या टोकाला आकडे होते १८८, १२२, ९८. तिथे मध्याइतकाच बदल लावला तर हिरवा १३८ च्या वर जाईल आणि टोकाला हिरवट ठिपका उमटेल. तिथे साधारण ४० ते ४५ टक्के बदल पुरतो, म्हणजे कमी फेऱ्या. मध्यावर जास्त फेऱ्या, टोकाला कमी, आणि अधूनमधून Color Picker ने आकडा बघायचा; बघून झालं की ब्रशचा रंग पुन्हा पांढरा करायचा, कारण पिकर तो बदलतो. पिकरच्या पर्यायांत Sample merged चालू ठेवा, नाहीतर फोटोत शेवटी दिसणारा रंग कळणार नाही.

चूक झाली की रंगच सांगतो. जागा हिरवट-पिवळी दिसली तर हिरवा जास्त उचलला गेलाय. राखेसारखी, निळसर दिसली तर निळा जास्त. गुलाबी झाक राहिली तर अजून फेऱ्या हव्यात. एखाद्या ठिकाणी जास्त झालंच तर ब्रशचा रंग काळा करून त्याच मास्कवर उलट फिरवायचं. काहीच वाया जात नाही. मास्क वापरण्याचा मोठा फायदा हाच.

आणखी एक गोष्ट दिसेल. उचललेल्या भागात, विशेषतः निळ्यामुळे, किंचित दाणेदारपणा येतो. फोनच्या फोटोत निळ्या भागात मुळातच खरखर जास्त असते आणि आपण ती वर आणतोय. थोडी असू द्या. ती पुसायला Blur लावलात तर पुन्हा ठिगळच तयार होईल.

कुंकवाची कड

फराटा उतरवताना ब्रश कुंकवापर्यंत जातो, आणि तो जिथे थांबतो तिथेच कुंकवाची नवी कड ठरते. माझ्या मते फोटो खरा वाटणार की खोटा ते इथेच ठरतं, म्हणून इथे वेळ द्या.

Ellipse Select ने नेमका गोल मारून त्याच्या बाहेरचं सगळं साफ करायचा मोह होतो. करू नका. बोटाने लावलेलं कुंकू कधीच कंपासने काढल्यासारखं नसतं. समोरच्या बाईचं मधलं बोट किंवा अनामिका टेकते, दाबली जाते आणि वरच्या बाजूने सुटते. त्यामुळे खालची कड जरा जाड आणि स्पष्ट असते, वरची कड विरळ आणि किंचित लांबट. काकूंच्या फोटोत खालची अर्धी कड शाबूत होती. तिला हातच लावायचा नाही. वरची अर्धी तिच्याकडे बघून काढायची.

Free Select घ्या आणि कुंकवाच्या भोवती हाताने रेघ काढा: खालून मूळ कडेवरून, वरून जिथे कुंकू संपायला हवं तिथून. हात थोडा हलला तर हलू द्या. वरची बाजू खालच्यापेक्षा दोन-चार पिक्सेल लांब ठेवा. मग Select > Feather ३ पिक्सेल, आणि Select > Invert. आता ब्रश कुंकवाच्या आत शिरणार नाही. मास्कवर पुन्हा जाऊन कडेलगतचा रंग उतरवा. झालं की Select > None करा.

३ पिक्सेल हा आकडा मी मनाने दिलेला नाही. तो प्रत्येक फोटोत वेगळा असतो आणि तो फोटोतूनच काढायचा. फोटो ४०० टक्के मोठा करा आणि भुवईचा केस किंवा नथीचा मोती बघा. गडद ते उजळ जायला तिथे किती पिक्सेल लागतात ते मोजा. कुंकवाची कड त्याच्यापेक्षा जास्त धारदार असता कामा नये. नथीचे मोती जरा पुसट आणि कुंकू चाकूने कापल्यासारखं, असं झालं की फोटो बघताक्षणी कळतो.

कुंकवाभोवती दोन-तीन पिक्सेलची फिकट गुलाबी झाक उरेल. ती खरवडत बसू नका. बहुतेक फोन JPEG साठवताना उजेड पूर्ण बारकाईने ठेवतात आणि रंग मात्र निम्म्या बारकाईने, त्यामुळे गडद लाल रंग शेजारी थोडा सांडतोच. तशी झाक ओठांच्या कडेलाही असते, काठाच्या लाल जरीलाही असते. एकट्या कुंकवाची कड तिच्याशिवाय असली तर तेच उठून दिसेल.

कुंकवाचा मूळचा एखादा भाग बोटाने उडाला असेल, मध्येच कातडी दिसत असेल, तर तो भरताना सपाट लाल रंग टाकू नका. हे काम पुढे गोळ्यांसाठी घेतो त्या नव्या लेयरवर करा: Clone घ्या आणि त्याच कुंकवाच्या दाट भागातून उचलून भरा, म्हणजे पुडीचा दाणा सारखा राहील. उजेडाची बाजू सांभाळा: खिडकीकडच्या अर्ध्या भागातून खिडकीकडचंच भरायचं. काकूंच्या फोटोत याची गरज पडली नाही.

साचलेले गोळे

राहिले ते दोन गोळे. तिथे हिरवा आकडा २० च्या खाली होता. एवढ्या खाली गेलेल्या रंगात कातडीची काही खूणच उरलेली नसते, त्यामुळे Curves ने कितीही उचललं तरी सपाट, मातकट डाग मिळतो. इथे शेजारची कातडी आणावीच लागते.

Layer > New from Visible करा आणि त्या नव्या लेयरवर Heal वापरा. Ctrl दाबून क्लिक केलं की उगम ठरतो. उगम त्याच आठीच्या रेषेत, गोळ्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूचा घ्या; वरचा किंवा खालचा नको, कारण भांगाजवळची कातडी आणि भुवयांमधली कातडी वेगळी असते. आठी दोन्हीकडे जुळली पाहिजे. ब्रश गोळ्याहून थोडाच मोठा ठेवा आणि एक-दोन टिचक्यांत काम संपवा.

कुंकवाला अगदी चिकटलेल्या गोळ्यावर Heal दगा देतं. ते आजूबाजूचा रंग मिसळून घेतं, त्यामुळे शेजारच्या कुंकवाचा लाल ओढून गुलाबी डाग पाडतं. तिथे Clone वापरा, कडेपासून दोन पिक्सेल आत, Opacity ६० च्या आसपास. भुवईशेजारी काम असेल तरी हीच काळजी घ्या.

प्रत्येक टिळ्याचं गणित वेगळं

वरची युक्ती लाल कुंकवाची. आपल्या भागात कपाळं सगळ्या रंगांची भेटतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

सौंदत्तीच्या यल्लम्माहून आलेल्या माणसांच्या कपाळावर भंडारा असतो. पिवळा हा निळा आकडा पाडतो, लाल आणि हिरवा बराचसा तसाच ठेवतो. म्हणून Extract Component मध्ये RGB Blue बघा, फराटा तिथे दिसेल. Curves मध्येही मुख्यतः Blue उचला. भंडाऱ्याच्या बाबतीत मात्र एक विनंती आहे. यात्रेत तो उधळलेलाच असतो, केसांत, खांद्यावर, भुवयांत. कपाळ तेवढं धुतल्यासारखं आणि खांदे पिवळे, असा फोटो कुणाच्याच घरी भिंतीवर शोभणार नाही. डोळ्यात किंवा ओठावर गेलेलं काढा, बाकी राहू द्या.

विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल कुंकवासारखाच वागतो, फक्त तो गुलाबी असल्यामुळे निळा कमी पडलेला असतो आणि हिरवा जास्त. मोजा, आकडेच सांगतील.

शेजारच्या लिंगायत घरांतल्या विभूतीचे आडवे पट्टे घामाने ओघळले तर प्रश्न उलटा होतो. राखेने तिन्ही आकडे वर जातात, त्यामुळे Curves मध्ये तिन्ही खाली आणायचे. पातळ ओघळ छान उतरतो. पट्ट्याच्या जाड भागाखालची कातडी मात्र दिसत नाही, तिथे Clone.

वारकऱ्यांचा बुक्का सगळ्यांत अवघड. काळा रंग तिन्ही आकडे एकदम पाडतो, लाल भागातही काही लपत नाही. पातळ डाग तिन्ही उचलून जातो, पण आकडे जुळवायला वेळ लागतो. गोपीचंदनाच्या नामावर बुक्का ओघळला असेल तर नामाची कड आधी Free Select ने राखून घ्या आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या मास्कवर करा.

टिकली सरकली असेल तर तो फराट्याचा विषयच नाही. टिकलीची कड मुळातच धारदार असते आणि खालच्या बाजूला तिची बारीक सावली पडते. ती कापून जागेवर सरकवायची तर सावलीसकट सरकवा, आणि जुन्या जागेवरची गोंदाची चमक Heal ने काढा.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांना अँड्रॉइडवरच्या Snapseed मध्ये हीच गोष्ट थोडी ओबडधोबड करता येते. त्यातल्या Curves मध्ये लाल, हिरवा, निळा वेगळे मिळतात, आणि View edits मधून तो बदल ब्रशने हवा तिथेच लावता येतो. त्यातलं Healing मात्र उगम स्वतःच निवडतं, म्हणून ते सांडलेल्या कणांपुरतंच वापरा, कुंकवाजवळ नको.

तपासणी

एवढं झाल्यावर डोळा थकलेला असतो आणि सगळंच बरं वाटू लागतं. म्हणून दोन परीक्षा घ्याव्यात.

पहिली: पुन्हा New from Visible करून त्या प्रतीवर Colors > Saturation मध्ये Scale २ च्या वर न्या. रंग भडक होतील आणि उरलेला फराटा, हिरवट डाग, गुलाबी कड, सगळं उघडं पडेल. काकूंच्या फोटोत फराट्याच्या उजव्या टोकाला एक हिरवट पट्टा या परीक्षेत दिसला. मास्कवर काळ्या ब्रशच्या दोन फेऱ्यांत तो गेला. इथे एक लक्षात ठेवा: दुरुस्ती खालच्या मास्कवर केली की वर Heal साठी घेतलेला New from Visible चा लेयर जुनाच राहतो. तो काढून पुन्हा घ्यावा लागतो आणि गोळ्यांचं काम पुन्हा करावं लागतं. म्हणून ही परीक्षा गोळ्यांना हात लावण्याआधी एकदा आणि शेवटी एकदा, अशी दोन वेळा घेणं सोयीचं. झाली की परीक्षेची प्रत काढून टाका.

दुसरी: View > Flip & Rotate > Flip Horizontally. फोटो आरशासारखा उलटा दिसेल, फाइलला काही होत नाही. ओळखीचा झालेला चेहरा परका वाटतो आणि कुंकू कलतंय, फार वर गेलंय किंवा एका बाजूला जास्त गोल झालंय, ते पटकन कळतं. कुंकू दोन भुवयांच्या नेमक्या मध्यावर नसेल तर बरोबर मध्यावर आणू नका. कुणाच्या तरी हाताने ते लावलेलं आहे आणि तो हात फोटोत राहिला तर चांगलंच. फक्त नाकाच्या रेषेपासून ते इतकं दूर नको की आपली दुरुस्तीच नजरेत भरेल.

मग १०० टक्क्यांवर एकदा आणि छपाईच्या मापाला एकदा बघा. लॅबमध्ये ६ बाय ८ इंचाचा प्रिंट ३०० डीपीआयला निघतो तेव्हा १८०० बाय २४०० पिक्सेल लागतात, म्हणजे आपला फोटो थोडा लहानच होणार. ४०० टक्क्यांवर दिसणारे काही बारीक दोष तिथे कुणालाच दिसणार नाहीत. त्यांच्यामागे रात्र घालवू नका. उलट लांबून दिसणारी गोष्ट, म्हणजे कपाळाचा एकूण उजेड सलग आहे का, ती दोन हात मागे सरकून बघा.

लेयर आणि मास्कसकट .xcf म्हणून एक प्रत ठेवा, आणि छपाईसाठी File > Export As मधून JPEG, Quality ९२ च्या आसपास. काकूंच्या मुलीला मी आधी पूर्ण उतरवलेला फोटो दाखवला आणि मग दुसरा, ज्यात फराट्याचा अगदी मुळाशी असलेला भाग मास्कवर ३० टक्के परत आणला होता. तिने दुसरा घेतला. मास्क ठेवलेला असल्यामुळे, वरचा लेयर आणि गोळे पुन्हा करावे लागले तरी, ते थोड्या वेळाचं काम होतं, म्हणून गिऱ्हाईकाने "होय" म्हणेपर्यंत .xcf पुसू नका.